जाणत्या वयातील दत्तक

(मंडळाच्या सुवर्णमहोत्सवी व्याख्यानमालेत दिलेल्या भाषणाची संहिता)



व्याख्यानमालेत आम्ही बोलावे असे कार्यवाहांनी सुचविले, तेव्हा आमच्या कार्यालयीन अनुभवाचा एखादा विषय त्यांच्या मनात असावा अशी आमची समजूत होती. परंतु त्यांनी विषय दिला तो आमच्या घरातला. आमची कन्या आमच्याकडे आली तेव्हा साडेसहा वर्षांची होती, हे आपल्यापैकी बहुतेकांस ठाऊक आहे. आज ती चौदाव्या वर्षात आहे. आम्ही मानसशास्त्राचे पंडित नाही, साध्या बी.ए. पदवीवर सरकारी सेवेत आलेले गृहस्थ आहोत. मात्र गेल्या सात-आठ वर्षांत या विषयावर जे मिळाले ते वाचले, आणि वाचलेले घरात पडताळून पाहण्याचा योगही आला. भाषणाचे टाचण कन्येस अगोदर वाचावयास दिले होते. तिने त्यातील दोन गोष्टी पेन्सिलीने खोडल्या. त्या आज आपणांस ऐकावयास मिळणार नाहीत.

पाच वर्षांवरील मुलाचे दत्तक म्हटले की ऐकणाऱ्याच्या कपाळावर आठी पडते. 'मूल कसे मातीच्या गोळ्यासारखे हवे. एकदा भाजले गेले की आकार देता येत नाही', असे आम्हांस निदान दहा वडीलधाऱ्यांनी ऐकविले. गंमत अशी की, आपल्या मराठी समाजात दत्तकाची जी उदाहरणे इतिहासात नोंदली गेली, ती बहुतेक तान्ह्या मुलांची नाहीतच. सयाजीराव गायकवाड १८७५ मध्ये जमनाबाई महाराणींच्या मांडीवर बसले, तेव्हा बारा वर्षांचे होते आणि नाशिककडच्या कवळाणे गावातून आलेले होते. झाशीच्या दामोदररावांचे दत्तविधान १८५३ मध्ये झाले, तेव्हा ते पाच वर्षांचे होते. मुंबई इलाख्याच्या रूढीत तर कोणत्याही वयाच्या, अगदी विवाहित पुरुषासही दत्तक घेता येई. १९५६ च्या हिंदू दत्तक कायद्याने पंधरा वर्षांची मर्यादा घातली, तरी जेथे अशी रूढी आहे तेथे तिला अपवाद ठेवला.

आता ते दत्तक वंशासाठी, गादीसाठी, पिंडदानासाठी होते. मुलाच्या सुखाचा विचार त्यात दुय्यम, हे खरे. परंतु एक गोष्ट त्यात होती, जी आजच्या पुष्कळ दत्तकांत हरवते. त्या मुलास आपण कोणाचे, कोठून आलो हे माहीत असे, आणि ते लपविण्याचे कोणाच्या मनातही येत नसे. सयाजीरावांचे बंधू संपतराव बडोद्यातच राहिले आणि नावारूपाला आले. नवे घर मिळाले म्हणून जुने पुसून टाकले गेले नाही. हा मुद्दा पुढे आम्हांस लागणार आहे.

मग मातीच्या गोळ्याची कल्पना आली कोठून? काही अंशी ती अनुभवाची आहे, पण तिला शास्त्राचा शिक्का मिळाला तो १९५१ मध्ये. त्या वर्षी इंग्लंडमधील मनोविकारतज्ज्ञ जॉन बोल्बी यांनी जागतिक आरोग्य संघटनेसाठी एक अहवाल लिहिला. आईच्या मायेवाचून वाढलेल्या मुलाचे मन कसे कोमेजते हे त्यांनी जगाच्या नजरेस आणले. ते कार्य मोठे होते. परंतु त्याच अहवालात त्यांनी असेही म्हटले की, अडीच वर्षांचे वय उलटून गेल्यावर मिळालेल्या उत्तम संगोपनाचाही जवळजवळ उपयोग होत नाही. हे मत पुढे पुस्तकांतून, दाक्तरांतून, समाजसेविकांतून पाझरत गेले आणि आपल्या ओसरीपर्यंत येऊन पोचले.

ते मत कसास लागले लंडनमध्ये. बार्बरा टिझार्ड या विदुषींनी तेथील संस्थांच्या शिशुगृहांत वाढलेल्या मुलांचा मागोवा घेतला. ही मुले जन्मानंतर काही महिन्यांतच तेथे आलेली. खाणेपिणे, खेळणी, पुस्तके यांस तोटा नव्हता. परंतु सेविकांनी कोणा एका मुलास जीव लावू नये असाच दंडक होता. दोन वर्षांचे होईपर्यंत एकेका मुलाने सरासरी चोवीस सांभाळणाऱ्या व्यक्ती पाहिलेल्या होत्या. यांतली काही मुले दोन वर्षांची झाल्यानंतर, बहुतेक दोन ते चार या वयात, दत्तक गेली. काही आपल्या जन्मदात्या आईकडे परत गेली. बोल्बींच्या हिशेबाने बऱ्याच जणांची गाडी सुटलेली होती. प्रत्यक्षात, आठव्या वर्षी पाहिले तेव्हा आणि पुढे सोळाव्या वर्षी जिल हॉजेस यांच्या साहाय्याने पुन्हा पाहिले तेव्हाही, दत्तक गेलेल्या बहुतेक मुलांचे आपल्या आईवडिलांशी घट्ट नाते जुळलेले होते. जन्मदात्या आईकडे परतलेल्या मुलांची स्थिती त्या मानाने उणी होती. रक्ताचे नाते असूनही तसे घडले, कारण दत्तक घेणाऱ्यांना ते मूल मनापासून हवे होते आणि त्याच्यासाठी त्यांच्यापाशी वेळ होता.

परंतु या अभ्यासाची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. घरात माया जुळली, तरी घराबाहेर या मुलांची चाल वेगळी राहिली. शाळेत शिक्षकांचे लक्ष वेधून घेण्याची धडपड अधिक. सवंगड्यांशी खटके अधिक. जिवाभावाचा एखादा मित्र असणे कमी. म्हणजे मूल उशिरा आले तर ते आपले होणारच नाही, ही भीती खोटी ठरली. आणि माया केली की मागचे सारे भरून निघते, ही आशाही पूर्ण खरी ठरली नाही.

यात आणखी एक भर रुमानियाने घातली. १९८९ च्या डिसेंबरात तेथील चाउशेस्कूची राजवट कोसळली आणि अनाथालयांतील मुलांचे हाल जगापुढे आले. त्यांतील अनेक मुले इंग्लंडमधील कुटुंबांनी दत्तक घेतली. मायकेल रटर यांच्या चमूने अशी १६५ मुले निवडून त्यांचा तरुणपणापर्यंत पाठपुरावा केला. ज्यांचा संस्थेतील काळ सहा महिन्यांहून कमी, ती मुले पुढे इंग्लंडमध्येच जन्मून दत्तक गेलेल्या मुलांसारखीच निघाली. ज्यांचा काळ त्याहून अधिक, त्यांच्यापैकी अनेकांत एकाग्रतेचा अभाव, अति चळवळेपणा आणि परक्यांशी भलती सलगी या गोष्टी तरुणपणीही शिल्लक होत्या. बुद्धीची वाढ मागे राहिलेली होती, ती मात्र कालांतराने बऱ्याच अंशी भरून आली. आणि त्या अधिक काळ राहिलेल्यांतही सुमारे पाचव्या हिश्शाच्या मुलांत कोणताच दोष कधी आढळला नाही.

रुमानियाची अनाथालये भयंकर होती. आपल्या संस्थांशी त्यांची सरसकट तुलना करणे अन्यायाचे होईल. परंतु त्या अभ्यासातून आमच्या ध्यानात एक गोष्ट आली. 'मूल किती वर्षांचे आहे' हा अपुरा प्रश्न आहे. ती वर्षे कोठे गेली, कोणा एका माणसाच्या कुशीत गेली की पाळीपाळीने येणाऱ्या चोवीस जणींच्या हातांत गेली, आणि जे माणूस होते ते केव्हा गमावले, हे विचारावयास हवे. सहा वर्षांचे असे मूल असू शकते की ज्याने कोणावर तरी जीव लावलेला आहे. आणि दोन वर्षांचे असेही असू शकते की ज्यास ते ठाऊकच नाही. पहिल्याचे काम सोपे असते असे नाही, पण ते वेगळे असते.

आता आमच्या घराकडे वळतो.

आम्ही उभयतांनी २०१७ मध्ये केंद्रीय दत्तक प्राधिकरणाच्या, म्हणजे 'कारा'च्या, संगणकीय यादीत नाव नोंदविले. तेव्हा आमची वये ४७ आणि ४४, बेरीज ९१. चार वर्षांखालील मुलासाठी पतिपत्नींच्या वयाची बेरीज तेव्हाच्या नियमांप्रमाणे नव्वदच्या आत हवी होती. म्हणजे तान्हे मूल आमच्या नियमातच बसत नव्हते. मोठे मूल घेण्यात आमचे औदार्य वगैरे काही नाही. यथावकाश समाजसेविका घरी आल्या, त्यांनी गृह-अभ्यास अहवाल लिहिला, आणि २०१८ च्या पावसाळ्यानंतर पडद्यावर एका मुलीची माहिती आली. ४८ तासांत होकार कळवून ते नाव राखून ठेवावे लागते. मूल ओडिशातील एका संस्थेत होते.

त्या माहितीसोबत दोन कागद असतात, एक मुलाची हकीगत आणि दुसरा वैद्यकीय तपासणीचा अहवाल. बहुतेक मंडळी वैद्यकीय अहवाल दाक्तरास दाखवितात आणि हकीगतीवरून नजर फिरवितात. मोठ्या मुलाच्या बाबतीत हे उलट करावे असे आमचे मत आहे. हकीगतीत एक ओळ होती : मूल साडेचार वर्षांचे होईपर्यंत आजीजवळ होते, आजी वारली, त्यानंतर दोन वर्षे संस्थेत. (एवढे सांगण्यास कन्येची परवानगी आहे.) आमच्या सौ. ती ओळ वाचून म्हणाल्या, "म्हणजे हिला माणूस माहीत आहे." पुढल्या सगळ्या अडचणींत आम्ही त्या वाक्यास धरून राहिलो.

पाच वर्षांवरील मुलाची स्वतःची संमती घ्यावी लागते. हा नियम कागदी नव्हे. संस्थेत गेल्यावर पहिल्या दिवशी मुलगी आमच्याकडे पाहून हसली आणि लगेच आमच्या मांडीवर येऊन बसली. दुसऱ्या दिवशी विचारले तर 'येते' म्हणाली. तथापि अधीक्षिकाबाई अनुभवी. त्यांनी आम्हांस तीन दिवस थांबवून घेतले, घराची छायाचित्रे मुलीस दाखवावयास लावली, आणि ज्या सेविकेजवळ ती झोपत असे तिच्या तोंडून 'जा, मी येथेच आहे' असे वदविले. ज्या मुलास जुन्या माणसाने निरोप दिलेला असतो ते नव्या घरात निराळ्या पावलांनी येते. निरोपावाचून आणलेले मूल दाराकडे पाहत राहते.

पहिले सहा आठवडे पाहुणेपणाचे गेले. सांगितले ते ऐकणे, ताटात पडेल ते खाणे, हाक मारली की उभे राहणे. पडली तर रडत नसे. जिन्यावरून चार पायऱ्या घसरली, उठून फ्रॉक झटकला आणि चालू लागली. शेजारणी म्हणाल्या, किती गुणी! सांगावयाचे ते असे की, न रडणे हा गुण नव्हता. रडून कोणी येत नाही हे ती शिकलेली होती.

मंडळाच्या जानेवारीतील हळदीकुंकवास ती आली होती, तेही आपणांस आठवत असेल. एका संध्याकाळी ती सहाजणींच्या मांडीवर बसली, दोघींच्या गळ्यात पडली, आणि एकीबरोबर घरी जावयासही निघाली. सर्वांनी 'काय लाघवी पोर' म्हणून तिचे कौतुक केले. टिझार्ड आणि रटर यांनी जिचे वर्णन केले आहे ती परक्यांशी सलगी हीच. ज्या मुलास कोणीही एक आपले नाही, त्यास सगळेच सारखे असतात. यावर उपाय रागावण्याचा नाही. आम्ही सहा महिने एकच नियम पाळला : घास भरविणे, न्हाऊ घालणे, वेणी घालणे, लागले तर फुंकर मारणे ही कामे आम्हां दोघांखेरीज कोणी करावयाची नाहीत. गावाहून आलेल्या आमच्या वहिनींस हे खटकले. त्यांनी भेट आणलेली बाहुलीसुद्धा आम्ही आमच्या हातून दिली. कोणाकडे जावयाचे हे मुलास कळण्यासाठी वाटाच कमी कराव्या लागतात.

सहा आठवड्यांनंतर पाहुणी गेली आणि मुलगी आली. आदळआपट, ताट लोटणे, दार धाडकन लावणे सुरू झाले. दप्तरात दोन फ्रॉक भरून 'मला परत पाठवा' म्हणून उंबऱ्यावर बसणेही त्यात होते. हा काळ ज्यांस ठाऊक नसतो ते घाबरतात. मूल बिघडले असे समजतात. आणि पुष्कळ घरांत दत्तक मोडण्याची पहिली बोलणी याच सुमारास निघतात. वास्तविक ही परीक्षा असते, आणि ती मुलाची नसून घराची असते. वाईट वागले तरी मला ठेवतात का, हे पाहिल्यावाचून त्यास विसावता येत नाही. अशा वेळी चुकूनही, थट्टेनेही 'पाठवून देईन' हे शब्द तोंडातून जाता कामा नयेत. आपल्याकडे हसत हसत मुलास म्हणण्याची रीत आहे, 'तुला बोहारणीकडून चिंध्या देऊन घेतले.' पोटच्या मुलास त्यात गंमत वाटते. अशा मुलापुढे ती थट्टा कोणी करू नये.

या काळात तिचा सारा रोष आमच्या सौ.वर असे. आमच्या हातून जेवे. त्यांनी ताट वाढले तर तोंड फिरवी. केसांस हात लावू देत नसे. सौ.नी शाळेतील नोकरीवरून बिनपगारी रजा घेतली होती, आणि त्यांनाच हे सोसावे लागत होते. आम्ही हे लिहून समुपदेशिकाबाईंस कळविले, तेव्हा त्यांनी विचारले, "आजी केस विंचरत असे काय?" संस्थेस पत्र टाकले. उत्तर आले, होय. म्हणजे ती जागा रिकामी नव्हती. तेथे कोणी बसलेले होते, आणि दुसऱ्या कोणास बसू देणे म्हणजे आजीस उठविणे होते. बापाची जागा तिच्या आयुष्यात कोऱ्या कागदासारखी, म्हणून आमचे काम सोपे. सौ.नी विंचरण्याचा हट्ट सोडला. देवघरापाशी एक पणती आजीच्या नावाने लावू लागल्या. महिनाभराने एका संध्याकाळी मुलगी तेलाची वाटी घेऊन त्यांच्यापुढे पाठमोरी बसली. काही बोलली नाही.

हाच तो वयाचा फरक. तान्ह्या मुलाच्या घरी 'सांगावे केव्हा' हा प्रश्न असतो. मोठ्या मुलास सारे ठाऊकच असते. तेथे प्रश्न असा की, त्यास ठाऊक असलेले आपणांस सोसते काय. नाव बदलण्याचा आग्रह आम्हांस दोन्हीकडून झाला. आम्ही बदलले नाही. आडनाव मात्र लागले. साडेसहा वर्षे ज्या हाकेस ओ दिली, ती एवढी एकच वस्तू तिने आपल्याबरोबर आणलेली होती.

खाण्याचेही थोडे सांगतो, कारण हे जवळजवळ सर्व घरांत घडते. गादीखाली पोळ्या सापडू लागल्या. मुंग्या झाल्या म्हणून कळले. आम्ही खालच्या फळीवर एक डबा ठेवला, त्यात चुरमुरे, शेंगदाणे, गूळ, बिस्किटे. तो तिचा, त्यास कुलूप नाही, विचारणे नाही, आणि रिकामा राहणार नाही. पहिले दोन आठवडे तो रोज भरावा लागे. मग दोन दिवसांनी, मग आठवड्याने. पाचव्या महिन्यात चुरमुरे सादळले तरी तिच्या लक्षात आले नाही. तेव्हा गादीखालीही काही नव्हते.

सात वर्षांची मुलगी कधी मांडीवर आडवी होऊन घास भरवून मागे, बोबडे बोले. लोक हसत. आम्ही भरविले. जे झालेच नाही ते मूल मागून घेत असते. दिले की काही महिन्यांत पुढे सरकते. शाळेत वयाहून एक इयत्ता खाली घातले, तेही याच हिशेबाने.

भाषेची गोष्ट आपल्यासारख्या परप्रांतवासी मंडळींस विशेष वाटेल. ती आली ती ओडिया घेऊन. घरात मराठी, बाहेर हिंदी. सौ.स ती 'माउसी' म्हणे आणि आम्हांस 'सार', कारण संस्थेत सेविकांस आणि साहेबांस असेच म्हणत. आम्ही दुरुस्ती केली नाही. (आमटीशेजारी आम्हीही ताटात 'सार' म्हणून बसलो.) सातव्या महिन्यात, भांडणाच्या भरात, 'आई' हा शब्द प्रथम आला. पण तोवर ओडिया ओसरू लागली होती, आणि वर्षाच्या आत ती जवळजवळ गेली. आपण चाळीस वर्षे परमुलखात राहूनही मराठी राखतो. मग सहा वर्षांच्या मुलाची भाषा एका वर्षात कशी जाते? कारण आपल्यापाशी बोलणारे दुसरे माणूस असते. २००३ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका फ्रेंच अभ्यासात तीन ते आठ या वयात कोरियातून फ्रान्समध्ये दत्तक गेलेल्या काही तरुणांस कोरियन वाक्ये ऐकविली. ती त्यांस इतर अपरिचित भाषांतून वेगळी ओळखताही आली नाहीत. आम्ही हे वाचले आणि कार्यालयातील एका ओडिया सहकाऱ्यांच्या घरी दर रविवारी जाऊ लागलो. भाषा सगळी टिकली नाही, पण कान राहिला. आणि पखाळ राहिली. रात्री भातात पाणी घालून ठेवावयाचे आणि दुसऱ्या दिवशी ते भाजलेल्या वांग्याबरोबर खावयाचे. उन्हाळ्यात आमच्या घरी आता तिघेही तेच खातो. कोकणातल्या पेजेवर वाढलेल्या आम्हांस ते जड गेले नाही.

नाते जुळले हे ओळखावे कसे? लाडाच्या शब्दांवरून नव्हे. त्या वर्षीच्या सप्टेंबरात, गणेशोत्सवात, तीच लाघवी पोर सौ.च्या पदरामागे दडून बसली, तेव्हा काहीजणींस वाईट वाटले. आम्ही मनातून पेढे वाटले. त्यानंतर थोड्याच दिवसांनी तिला शेजाऱ्यांच्या अंगणात मांजराने ओरबाडले. ओरखडा एवढासा. तेथे दोन मायाळू बायका होत्या. त्यांना ओलांडून, रस्ताभर भोकाड पसरीत, ती घरी आईपाशी आली. जिन्यावरून पडून न रडणारी मुलगी आणि ही, यांच्यामध्ये दहा महिने होते. पुढील वर्षी टाळेबंदी आली आणि तिघे घरात कोंडलो गेलो. लोकांना त्या काळाचा जाच झाला. आमच्या घरात मात्र त्याने दोन वर्षांचे काम सहा महिन्यांत केले.

सर्वच बेरीज झाली असे आम्ही म्हणणार नाही. गणितात लक्ष टिकत नाही. मैत्रिणी होतात आणि तुटतात. शिक्षकांनी दुसऱ्या मुलीस शाबासकी दिली तर घरी धुसफुस असते. अभ्यासांत जे वाचले ते असे समोर दिसते. दहाबारा वर्षांचे मूल घेणाऱ्यांस तर आणखी एक गोष्ट पत्करावी लागते : पाचसहा वर्षांत ते मूल घराबाहेर पडण्याच्या वयाचे होते, म्हणून नाते मांडीवरचे न होता हळूहळू मित्रत्वाचे होते. त्या वयात दत्तक मोडण्याचे प्रमाणही अधिक असते. ज्यांस सहा महिन्यांत घर पूर्ववत व्हावे असे वाटते, ज्यांच्या घरात नुकताच एखादा मृत्यू झाला आहे आणि ती पोकळी भरावयाची आहे, किंवा जे पतीच्या आग्रहाखातर वा पत्नीच्या आग्रहाखातर अर्धे मन घेऊन येतात, त्यांनी थांबावे. मुलास दुसऱ्यांदा परत जावे लागणे हे पहिल्या वियोगाहून कठीण असते.

रजेबद्दल अनेक सेवाबंधू विचारतात. २०१८ मध्ये आम्ही नियमपुस्तक उघडले तेव्हा दत्तकासाठीची खास रजा एक वर्षाखालील मुलापुरतीच होती. साडेसहा वर्षांच्या मुलासाठी आम्ही साठवलेली अर्जित रजा काढली. नियम लिहिणाऱ्यांच्या डोळ्यांपुढे पाळणा होता, हे उघड आहे. पण पाळण्यातले मूल दिवसातून सोळा तास झोपते, आणि आमची मुलगी पहिले तीन महिने रात्रीही धड झोपत नव्हती. वीस मुलांच्या दालनात झोपणाऱ्या तिला वेगळी खोली म्हणजे शिक्षा वाटे. तिची खाट आमच्या खोलीत आणावी लागली.

आताचे नियम २०२२ चे आहेत. त्यांत पतिपत्नींच्या वयाची बेरीज दोन वर्षांखालील मुलासाठी ८५, दोन ते चारसाठी ९०, चार ते आठसाठी १०० आणि आठ ते अठरासाठी ११० पर्यंत चालते. मुलात आणि आईवडिलांपैकी प्रत्येकात किमान पंचवीस वर्षांचे अंतर हवे. दत्तकाचा आदेश पूर्वी न्यायालय देत असे, आम्हांसही न्यायालयानेच दिला. सप्टेंबर २०२२ पासून तो जिल्हा दंडाधिकारी देतात. त्यानंतर दोन वर्षे, दर सहा महिन्यांनी, संस्थेतर्फे पाहणी होते. तिला तपासणी समजून घर आवरून ठेवू नये. पसारा जसा असेल तसा दाखवावा आणि अडचण असेल ती बोलावी. आमच्या केसांच्या प्रश्नाचे उत्तर अशाच संबंधातून मिळाले.

मुलीस आता आजीचे गाव पाहावयाचे आहे. अठरा वर्षांखालील मुलास आपल्या मुळाचा शोध घ्यावयाचा असेल तर अर्ज पालकांसह करावा लागतो. तो आम्ही तिघांच्या सह्यांनी केला आहे. कोणी भेटेल वा न भेटेल. गावाचे नाव मात्र हकीगतीत आहे, आणि रविवारच्या त्या घरातून ती पुन्हा ओडिया अक्षरे गिरवू लागली आहे.

नोंदणीसाठी लागणाऱ्या कागदपत्रांची यादी आम्ही सोबत आणली आहे. ज्यांस हवी असेल त्यांनी चहाच्या वेळी आमच्याकडून किंवा आमच्या सौ.कडून घ्यावी.